कढईतला जिताडा

कोलशेतच्या खाडीकाठी टॉवर उभे राहिले, तरी जुन्या गावात आगरी-कोळी घरांतून दुपारी तळणीचा वास येतोच. बहुतेक ठिकाणी तो तव्यावरच्या तुकडीचा असतो. अख्खा मासा कढईत सोडायची रीत आपल्याकडे फारशी नाही, आणि मला ती उणीव वाटते. जिताडा हा खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातला मासा. थायलंडमध्ये हाच मासा अख्खा तळून मासळीच्या खारट रसासोबत वाढतात. आपण मात्र त्याच्या तुकड्या करून मोकळे होतो.

अर्धा किलोचा जिताडा घ्यावा. त्याहून मोठा घरच्या कढईत मावत नाही. शेपूट बाहेर राहते, कच्ची राहते आणि उलटताना तिथेच मोडते. खवले राठ असतात, शेपटीकडून डोक्याकडे खरवडावेत. कल्ल्याच्या झाकणाची कड करवती असते, बोट जपावे. कल्ले आणि पोटातले सगळे काढून कण्याला चिकटलेले काळे रक्त नखाने खरडून धुवावे.

मग चिरा. कातडे शाबूत राहावे म्हणूनच ते कापायचे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. उष्णता लागली की कातडे आकसते, आणि आतले मांस तितके आकसत नाही. वाट न मिळालेले कातडे मग स्वतःच फाटते, तेही नेमके पातळ पोटाजवळ, नाहीतर मासा धनुष्यासारखा वाकतो आणि अर्धी बाजू तेलाबाहेर राहते. चिरा आपण ठरवू तिथे दिल्या की ताण तिथेच सुटतो, वाफही तिथूनच निघते. दोन्ही अंगांना तीन-तीन, तिरप्या, दोन बोटांच्या अंतराने. पाठीच्या जाड भागात सुरी कण्याला टेकेपर्यंत, शेपटीकडे उथळ. पोटाला मुळीच नाही. फार जवळजवळ दिल्या तर मधल्या पट्ट्या उलटताना सुटून येतात.

मीठ, हळद आणि कोकमाचे आगळ चोळून वीसेक मिनिटे ठेवावे. मीठ पाणी ओढून बाहेर काढते, आणि ते पाणी टिपणे हीच पुढच्या कामाची किल्ली. ओले कातडे तेलात गेले की तेलाची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कातडे कुरकुरीत व्हायच्या आधीच कढईच्या तळाला चिकटते. आले-लसणाचे वाटण फक्त चिरांमध्ये भरावे. कातड्यावर राहिलेले पुसून काढावे, कारण लसूण माशाआधी करपतो आणि कडू होतो. शेवटी कोरड्या तांदळाच्या पिठाचा हलका हात. रव्याचा जाड थर इथे नको, त्यात चिरा बुजतात.

तेल दीड-दोन लिटर, रुंद कढईत. मासा सोडताना ते साधारण १८० अंशांवर असावे. थर्मामीटर नसला तर भिजवलेल्या पिठाचा थेंब टाकावा: तळाला जाऊन रेंगाळला तर तेल थंड, टाकताक्षणी काळवंडला तर फार गरम, बुडून लगेच वर आला तर बरोबर. मासा शेपटीला धरून, डोके आपल्यापासून लांब करून, हळूहळू उतरवायचा. थोडे अधांतरी धरून मग सोडायचा, म्हणजे तळाला टेकण्याआधी कातड्यावर कवच धरते. तेल लगेच निवते, म्हणून आच वाढवायची.

यानंतर चार मिनिटे झारा लांब ठेवायचा. गावातल्या एका मावशींचा सुनेवरचा ओरडा मला आठवतो: “अगं, सारखी ढोसू नको त्याला. सुटला की तो आपणच हलेल.” खरेच तसे होते, कवच धरलेला मासा कढई जरा हलवली की सरकतो, चिकटलेला सरकत नाही. तोवर वरच्या बाजूवर पळीने तेल सोडत राहावे. मग दोन झारे, एक डोक्याखाली, एक शेपटीखाली, आणि एकदाच उलटायचा. दुसरी बाजू तीन-चार मिनिटे.

झाला की नाही हे कान सांगतो, तडतड मंदावते. तरी सर्वांत जाड चिरेत सुरीचे टोक घालून बघावे. कण्याजवळचे मांस काचेसारखे दिसले तर अजून कच्चे. पांढरे आणि हाडापासून सुटते आहे, तर काढावे. बाहेर लाल आणि आत कच्चे निघाले तर तेल फार तापलेले होते. अशा वेळी आच उतरवून आणखी दोन मिनिटे द्यावीत.

काढलेला मासा कागदावर ठेवू नये, खालचे कातडे स्वतःच्या वाफेने मऊ पडते. जाळीवर ठेवावा. लिंबू ताटात ज्याचे त्याने पिळावे, आणि तिखले केलेच असेल तर वेगळ्या वाटीत. वरून ओतणाऱ्यांनी तुकडी खावी.