तक्त्यातून गळालेले फंड

एचडीएफसी ग्रोथ फंड ही शेअर्समध्ये पैसे गुंतवणारी योजना २००० साली सुरू झाली आणि जून २०१८ पासून त्या नावानं उरली नाही. त्याच फंड हाउसची प्रुडन्स ही कितीतरी मोठी योजना तिच्यात विलीन झाली आणि दोघींची मिळून बॅलन्स्ड ॲडव्हान्टेज फंड ही योजना तयार झाली. कागदोपत्री टिकली ती ग्रोथ. पण नव्या योजनेची घडण मुख्यतः प्रुडन्सची होती, म्हणून मागची कामगिरी दाखवायची ती १९९४ पासून चाललेल्या प्रुडन्सची. ग्रोथची सुमारे १८ वर्षांची कामगिरी चालू तक्त्यांतून गेली. यात कुणीही नियम मोडला नाही. नियमच तसा आहे, आणि प्रस्तुत लेखकाला गेली कित्येक वर्षं सतावतो आहे तो नेमका हाच भाग.

संपादकांची मागणी खरं तर दहा वर्षांत उत्तम परतावा दिलेल्या फंडांवर लिहिण्याची होती. पण असा लेख ‘या गटाची सरासरी इतकी, आणि हा फंड तिच्याही वर’ या वाक्याशिवाय लिहिता येत नाही. ती सरासरी कुणाकुणाची, हे कोणी विचारत नाही. शंका घेणारेही चुकीच्या जागी घेतात. त्यांना वाटतं, फंडवाले आकडे फुगवतात. तक्त्यातला प्रत्येक आकडा सहसा अचूक असतो. चूक असते ती सरासरीत.

ती कशी शिरते ते पाहू. दहा वर्षांचा वार्षिक परतावा काढायला दोनच गोष्टी लागतात: फंडाची आजची एनएव्ही आणि दहा वर्षांपूर्वीची एनएव्ही. एखादा फंड सहाव्या वर्षी दुसऱ्यात विलीन झाला, तर त्याची आजची एनएव्ही नसते. ॲम्फीच्या रोजच्या NAVAll.txt या फाइलमध्ये त्याची ओळच येत नाही. जुन्या एनएव्ही संग्रहात असतात, पण तक्ता बनवणारा आज चालू असलेल्या योजनांची यादी घेऊन मागे जातो. जो आज नाही, त्याच्यासाठी कोणी मागे जातच नाही. लबाडीची गरजच पडत नाही.

एक मुद्दाम सोपं केलेलं, कल्पित उदाहरण घेऊ. एका गटात दहा फंड आहेत. सात फंड दहाही वर्षं दरसाल १३ टक्के देतात. उरलेले तीन ८ टक्क्यांवर रखडतात आणि सहा वर्षांनी त्या सातांपैकी कुणात तरी विलीन होतात. दहा वर्षांनी छापलेला तक्ता सांगेल, गटाची सरासरी १३ टक्के. पण पहिली सहा वर्षं दहाही फंड लोकांना विकले जात होते आणि तेव्हाची सरासरी ११.५ टक्के होती. ती धरली की दहा वर्षांचा खरा दर सुमारे १२.१ टक्के येतो. एक लाखाचे तक्त्यानुसार ३ लाख ३९ हजार होतात, प्रत्यक्षात ३ लाख १३ हजार. आता समजा याच काळात निर्देशांकानं १२.५ टक्के दिले. तक्ता म्हणेल, फंड व्यवस्थापकांनी बाजारावर मात केली. हिशेब म्हणेल, बाजारानं त्यांच्यावर केली. एक वर्षाच्या तक्त्यात हा फरक जेमतेम दिसतो, कारण वर्षभरात फारसे फंड बंद होत नाहीत. ज्या दीर्घ मुदतीच्या आकड्यावर लोक सर्वांत जास्त विश्वास ठेवतात, तोच सर्वांत जास्त फुगलेला असतो.

क्रमवारीत परिणाम उलटा होतो. मूळ दहांत पाचवा असलेला फंड तळाचे तिघे गळाल्यावर सातांत पाचवा ठरतो. काल वरच्या निम्म्यात असलेला फंड त्याची कामगिरी तसूभरही न बदलता खालच्या निम्म्यात जातो.

अमेरिकेत हा हिशेब पुष्कळ आधी झाला. बर्टन माल्कील यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते १९९१ या काळातले टिकलेले फंड आणि त्या काळातले सगळे फंड यांची तुलना केली. दोन्ही सरासऱ्यांत दरसाल जवळपास १.४ टक्क्यांचा फरक निघाला. पुढे मार्क कारहार्ट यांनी बंद पडलेल्या फंडांच्या नोंदी शोधून १९६२ पासूनचा संच बांधला. आजही अमेरिकी फंडांवरचं संशोधन मुख्यतः त्याच संचाच्या वाढवलेल्या रूपावर चालतं. मेलेल्या योजनांचे आकडे हुडकणं हे कंटाळवाणं, कुणाच्या नजरेत न भरणारं काम आहे. या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं काम तेच आहे, असं हा लेखक मानतो.

आपल्याकडे फंड मोठ्या प्रमाणावर गळाले ते सेबीच्या ऑक्टोबर २०१७च्या परिपत्रकानंतर. योजनांचे ३६ प्रकार ठरले आणि बहुतेक प्रकारांत एका फंड हाउसला एकच योजना ठेवता येईल असं बंधन आलं. हा निर्णय गुंतवणूकदाराच्या सोयीचाच होता. पण एकाच प्रकारच्या दोन योजना असल्या की कोणती ठेवायची, हा प्रश्न आला. मग १२ एप्रिल २०१८ रोजी कामगिरी कशी दाखवायची याचं परिपत्रक निघालं. दोन्ही योजनांची वैशिष्ट्यं सारखी असतील तर दोघींची भारित सरासरी दाखवायची. एकीची वैशिष्ट्यं राखली असतील तर फक्त तिचीच कामगिरी. आणि नवी योजना दोघींपेक्षा वेगळी असेल तर मागची कामगिरी दाखवण्याची गरज नाही.

योजना विकत घेणाऱ्याच्या दृष्टीनं हे रास्त आहे. ज्या पद्धतीनं पैसे गुंतवले जाणार, तिचाच इतिहास त्याला दिसायला हवा. पण तोच इतिहास उचलून गटाची सरासरी काढली की न राखलेल्या योजनेत वर्षानुवर्षं पैसे ठेवणारे लोक हिशेबातून बाहेर पडतात. प्राप्तिकर कायदा मात्र त्यांना विसरत नाही. दोन इक्विटी योजनांचं विलीनीकरण झालं तर २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ती विक्री धरली जात नाही, आणि नव्या युनिट्सना जुनीच खरेदी किंमत व जुनीच खरेदी तारीख लागू होते. कर घेताना सरकारला जो इतिहास आठवतो, तो सरासरी काढताना का आठवू नये, याचं समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकाला कुठल्याही चर्चेत मिळालेलं नाही.

हिशेब नीट करता येतो. एक वाट अशी की दर महिन्याला त्या महिन्यात जिवंत असलेल्या सगळ्या फंडांची सरासरी काढायची आणि महिने साखळीसारखे जोडत न्यायचे. दुसरी अशी की मुदतीच्या पहिल्या दिवशीची हजेरी पक्की धरायची. मग ‘निर्देशांकाच्या पुढे किती फंड गेले’ हे मोजताना भागाकार आजच्या सातांनी न करता तेव्हाच्या दहांनी करायचा. एस अँड पी डाउ जोन्स इंडायसेसचे स्पिव्हा अहवाल भारतीय फंडांसाठीही असंच मोजतात आणि किती टक्के फंड मुदत संपेपर्यंत टिकले याचा वेगळा रकाना छापतात. एखाद्या तक्त्यावर किती भरवसा ठेवायचा हे त्या रकान्यावरून चटकन कळतं. तो नसेल, तर दहा वर्षांपूर्वी गटात किती योजना होत्या आणि आज किती आहेत, एवढं तरी शोधावं.

तरीही एक अडचण राहते. बंद पडलेला फंड वाईटच होता, असं धरून चालत नाही. फ्रँकलिन टेम्पल्टननं २३ एप्रिल २०२० रोजी सहा रोखे योजना गुंडाळल्या, तेव्हा गुंतवणूकदारांचे पैसे दीर्घकाळ अडकले. पण पुढे टप्प्याटप्प्यानं जी रक्कम परत मिळाली, ती एकूण पाहता त्या दिवशीच्या मूल्यापेक्षा जास्त भरली. अशा योजनेचा परतावा बंद झाल्याच्या दिवशी थांबवायचा की शेवटचा हप्ता मिळेपर्यंत मोजायचा? पहिल्या रीतीत नंतरची वसुली सुटते. दुसरीत पैसे अडकून पडले होते ही गोष्टच आकड्यात दिसत नाही. प्रस्तुत लेखक सध्या दुसरी रीत वापरतो, आणि अडकलेल्या महिन्यांची संख्या शेजारी वेगळी लिहितो.