टॅग एकच, तोही शेवटी

रायपुरात आम्हा मराठी माणसांना दोन लिपीबहिणी सांभाळाव्या लागतात. इथल्या मराठी मंडळाच्या खात्यावरून मी मराठीत लिहितो, पण इथल्या स्पर्धा नि मोहिमा हिंदीत जाहीर होतात. त्यामुळे हॅशटॅगची गंमत आणि गोची दोन्ही रोज दिसतात.

समजा, इथल्या पंचांगाप्रमाणे श्रावणातल्या अमावास्येला येणाऱ्या हरेली सणानिमित्त कोणी एक्सवर छायाचित्रस्पर्धा मांडली आणि टॅग दिला #हरेली_तिहार. खाली उत्तरांची रांग लागते. त्यात असं एक हमखास असतं:

"खूप छान उपक्रम! #हरेली #छत्तीसगड #Raipur #India #Viral #Trending"

सहा टॅग आहेत, पण स्पर्धेचा एकही नाही. आयोजक #हरेली_तिहार शोधेल तेव्हा हे उत्तर त्याला सापडणारच नाही, कारण अधोरेषा गेली की टॅग वेगळा होतो. #छत्तीसगड हा आपला मराठी टॅगही #छत्तीसगढ़ शोधणाऱ्याला दिसत नाही. #Viral आणि #Trending यांचा तर हरेलीशी संबंधच नाही. असंबद्ध टॅगांची गर्दी एक्सच्या नियमांतही बसत नाही, आणि वाचणाऱ्यालाही ती जाहिरात वाटते.

आपल्या भाषेत आणखी एक खाच आहे. हिंदीत 'में', 'का' सुटे लिहितात, म्हणून टॅग शाबूत राहतो. आपण #हरेलीच्या लिहिलं की प्रत्ययासकट भलताच टॅग तयार होतो. मध्ये जोडचिन्ह घातलं तर टॅग तिथेच तुटतो आणि वाक्यही विद्रूप दिसतं. म्हणून मी वाक्यात टॅग गुंफतच नाही. वाक्य पूर्ण करतो आणि मग एक जागा सोडून टॅग देतो. ही जागा विसरून # आधीच्या शब्दाला चिकटवला तर दुवा तयार होत नाही.

तेच उत्तर मी असं लिहीन:

"ही गेडी बांबूची. पाय ठेवायची खुंटी काथ्याच्या दोरीने बांधली आहे, म्हणून चालताना रच-रच वाजते. #हरेली_तिहार"

टॅग आयोजकाच्या मूळ पोस्टमधून जसाच्या तसा उचललेला आहे. तो झाकला तरी उत्तर वाचण्याजोगं उरतं, आणि माझी पहिली कसोटी हीच असते. दुसरा टॅग घालायचाच तर गावाचा चालेल. दोनाच्या पुढे जाऊ नये, असं एक्सनेही सुचवलेलं आहे.

एकच उत्तर अनेकदा चिकटवणं मात्र कधीच करू नये. त्याने प्रवेशिका वाढत नाहीत, उलट शोधातून खातं गळण्याची भीती असते. आयोजकाने त्याच्या खात्याचा उल्लेख मागितला असेल तर तोही ठेवावा, कारण टॅगच्या शोधात प्रत्येक उत्तर येतंच असं नाही. आणि खातं खासगी असेल तर टॅग कितीही नेमका असो, तुम्हाला फॉलो न करणाऱ्या आयोजकाला ते उत्तर दिसणार नाही.

उत्तर पाठवलं की स्वतःच्या टॅगवर बोट ठेवा आणि ताज्या पोस्टच्या यादीत आपलं उत्तर आहे का, ते बघा.