दोन मिनिटांची नोटीस

एका महाविद्यालयाच्या व्याख्यानांची रेकॉर्डिंग्ज माझ्याकडे आली होती. प्रत्येक सुमारे दीड तासाचं. मोबाइलवर, लॅपटॉपवर आणि मोठ्या पडद्यावर नीट दिसावं म्हणून ffmpeg वापरून प्रत्येकाच्या तीन आवृत्त्या करायच्या होत्या. घाई अजिबात नव्हती, पैसे मात्र बेताचे होते.

मी ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये सवयीने m6i.2xlarge घेतलं. आठ vCPU, 32 जीबी मेमरी. m म्हणजे सर्वसाधारण घराणं, दर vCPU मागे 4 जीबी. c घराण्यात 2 आणि r मध्ये 8. निवड खरं तर या प्रमाणाचीच असते. पण कन्सोलवर सीपीयूचा आलेख आपोआप दिसतो, मेमरीचा दिसत नाही. त्यासाठी मशीनमध्ये वेगळा एजंट बसवावा लागतो. त्यामुळे मेमरीचा अंदाज जो तो भीतीपोटी चढाच बांधतो. मीही तेच केलं होतं. काम चालू असताना आलेखात आठही vCPU शंभर टक्क्यांवर होते, पण मशीनवर जाऊन `free -h` बघितलं, तर मेमरी 6 जीबीच्या वर जाईना. उरलेल्या 26 जीबीचं भाडं मी उगीच भरत होतो. c6i.2xlarge वर तेच काम तेवढ्याच वेळात झालं.

मग स्पॉटचा मोह झाला. स्पॉट म्हणजे त्यांच्याकडची रिकामी पडलेली मशीनं. भाडं पुष्कळ कमी, पण त्यांना गरज लागली की मशीन परत. रेल्वेत मोकळ्या बर्थवर टेकावं आणि आरक्षणवाला आला की उठावं, तसं. उठायला दोन मिनिटं मिळतात. गूगल आणि मायक्रोसॉफ्टकडे तर तीसच सेकंद. ॲमेझॉनची ही नोटीस मशीनच्या आतूनच एका पत्त्यावर वाचता येते:

```
http://169.254.169.254/latest/meta-data/spot/instance-action
```

एरवी इथे 404 येतो. मशीन जायचं ठरलं की वेळ दिसते. दर पाच सेकंदांनी विचारत राहायचं.

पहिल्याच रात्री एक मशीन गेलं. एका व्याख्यानाला अडीच तास लागत होते आणि ते दोन तास झाल्यावर गेलं. अर्धवट फाइल मशीनच्या डिस्कवर, तीही गेली. पुन्हा पहिल्यापासून. दोन मिनिटांत ते काम आवरणं शक्यच नव्हतं. दोष स्पॉटचा नव्हता, माझा घास मोठा होता.

म्हणून व्हिडिओ आधी दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत कापला:

```
ffmpeg -i in.mp4 -an -c copy -f segment -segment_time 600 p%03d.mp4
```

नऊ तुकडे, प्रत्येकाला साधारण सतरा मिनिटं. आता मशीन गेलं तर जास्तीत जास्त सतरा मिनिटं वाया, सरासरी आठ-नऊ. नोटीस दिसली की चालू ffmpeg सरळ मारायचा आणि तुकडा रांगेत परत टाकायचा. तयार झालेला तुकडा मात्र लगेच S3 वर.

रांग SQS ची होती. तिथे घेतलेला निरोप काही काळ इतरांना दिसत नाही. तेवढ्यात काम संपवून तो पुसला नाही, तर पुन्हा दिसू लागतो. मशीन न सांगता मेलं तरी काम हरवत नाही ते यामुळेच. पण हा काळ मूळचा असतो 30 सेकंद, आणि मी तो बदललाच नव्हता. सतरा मिनिटांचा तुकडा अर्ध्या मिनिटात दुसरं मशीन उचलायचं, मग तिसरं. सगळी मशीनं मर मर राबतायत आणि रांग काही सरकत नाही! दोन लॉग शेजारी ठेवल्यावर दोन्हींत p004 दिसलं तेव्हा उजेड पडला. काळ 25 मिनिटं केला.

एका रात्री सहाच्या सहा मशीनं एकदम गेली. मी फक्त c6i.2xlarge मागितलं होतं, तेही एकाच झोनमध्ये. प्रत्येक झोनमधल्या प्रत्येक प्रकाराचा साठा वेगळा असतो, आणि मी एकाच माठातून पीत होतो. मग c5, c6i, m5, m6i असे चारही प्रकार मुंबईच्या तिन्ही झोनमध्ये चालतील असं सांगून ठेवलं. म्हणजे जिला नको म्हटलं होतं ती m पुन्हा आली. पण तिचा स्पॉटचा दर c च्या नेहमीच्या भाड्याहून कमीच होता, मग जास्तीच्या मेमरीचं दुःख कशाला?

तुकडे जोडायचं काम नेहमीच्या भाड्याच्या एका छोट्या मशीनवर ठेवलं, कामांची नोंद ठेवणारा डेटाबेसही तिथेच. आणि आवाजही. वरच्या आज्ञेतलं `-an` त्यासाठीच आहे. सुरुवातीला आवाजही तुकड्यातुकड्यानेच केला होता, तेव्हा दर दहा मिनिटांनी सांध्यावर बारीकसा टक्‌ ऐकू यायचा. AAC प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला किंचित मोकळी जागा टाकतं, ती उरायची. दीड तासाचा आवाज सलग करायला थोडीच मिनिटं लागतात. तो कापायची गरजच नव्हती.