बाबा, दुकानाविषयी थोडे

ती. बाबांना,


परवा नाशिकरोडला आले तेव्हा दुकानातली तीन मशिने झाकलेली दिसली. तुम्ही काही बोलला नाहीत, पण उधारीची वही मी पाहिली. रेडिमेडवाल्यांवर रागावून गिऱ्हाईक परत येणार नाही. मात्र त्यांच्या पँटी लांब नि कमरेला सैल निघतात, हे तुम्हीच मला दाखवले होते. ते काम आपण घ्यावे. खालची घडी मारायला वीस मिनिटे लागतात, कापडात पैसा अडकत नाही आणि मजुरी रोख मिळते. जीन्सच्या बाजूच्या जाड शिवणीवर सुई मोडते. तिथे घडी हातोडीने ठोकून चपटी करायची आणि १६ नंबरची सुई लावायची. आईला हे जमते. तुम्ही याला ठिगळकाम म्हणता, तेवढे सोडा.

दुसरे म्हणजे पांढरे कुडते. बुद्धपौर्णिमेच्या ऐन आठवड्यात शिवायला घेता आणि रात्री जागता. त्याऐवजी महिनाभर आधी ३८, ४०, ४२ मापाचे पाच-पाच शिवून ठेवा. सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. गेल्या वर्षी चार कुडते पहिल्याच धुण्यात आखूड झाले, आठवते ना? उरलेले १३ ऑक्टोबरला येवल्याला विकू. १९३५च्या घोषणेच्या स्मरणाला तिथे माणसे जमतातच. पण पन्नास शिवू नका, पैसा पुन्हा कपाटात जाईल.

रविवारी येते. उधारीची वही काढून ठेवा.

तुमची मुलगी