ध्रुवांवरची गर्दी

किरणोत्सारी स्रोताचं अनुकरण संगणकावर करताना प्रत्येक कणाला सुटण्याची दिशा द्यावी लागते. स्रोत सगळीकडे सारखाच उत्सर्जन करतो, म्हणून या दिशांचे ठिपके गोलाच्या पृष्ठभागावर सगळीकडे सारख्याच दाटीने पडायला हवेत. मनात पहिल्यांदा येतो तो अक्षांश-रेखांशांचा मार्ग: ध्रुवापासूनचा कोन ० ते १८० अंशांत कुठलाही, रेखांश ० ते ३६० अंशांत कुठलाही. दोन्ही आकडे निःपक्षपाती, तरी ठिपके मात्र ध्रुवांवर गर्दी करतात.

कारण अंश सारखे असले तरी त्यांच्या वाट्याची जमीन सारखी नसते. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर रुंद असतो, तर ८० अक्षांशावर जेमतेम १९. ध्रुवाभोवतीच्या १० अंशांच्या टोपीचं क्षेत्रफळ अख्ख्या गोलाच्या ०.७६ टक्के, पण आपल्या पद्धतीत तिला ठिपके मिळतात अठरावा हिस्सा. म्हणजे १०,००० कण सोडले, तर स्रोताच्या बरोबर वर ठेवलेल्या आणि तेवढीच टोपी व्यापणाऱ्या शोधकावर ७६ ऐवजी ५५६ कण आदळणार.

यावरचा उपाय आर्किमिडीजच्या एका सिद्धान्तात आहे. गोलाचे सारख्या जाडीचे आडवे काप केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सालीचं क्षेत्रफळ सारखंच येतं. ध्रुवाकडे कापाचा घेर कमी होतो, पण साल तिरकी होत जाते, त्यामुळे तेवढ्याच जाडीत तिची रुंदी जास्त भरते. एक जेवढं घटतं तेवढंच दुसरं वाढतं, अगदी काटेकोर. मला तर हा हिशेब दर वेळी नव्याने आवडतो! म्हणूनच ३० अंश उत्तर ते ३० अंश दक्षिण एवढ्या पट्ट्यात पृथ्वीचं निम्मं पृष्ठ मावतं.

तेव्हा कोन निवडायचाच नाही, उंची निवडायची:

```python
z = 2*random() - 1
phi = 2*pi*random()
r = sqrt(1 - z*z)
x, y = r*cos(phi), r*sin(phi)
```

यानेही ठिपके रांगोळीसारखे समान अंतरावर पडत नाहीत. कुठे झुबका, कुठे मोकळं राहणारच. तो निव्वळ योगायोग असतो, त्यात ध्रुवांचा लाड नसतो.

चूक ओळखायला z ची सरासरी पाहून उपयोग नाही. दोन्ही ध्रुवांवर सारखीच गर्दी असल्याने ती चुकीच्या पद्धतीतही शून्यच येते. पाहायची ती z च्या वर्गाची सरासरी. x, y, z यांच्या वर्गांची बेरीज १ आणि तिन्ही अक्ष समान, म्हणून ती १/३ यायला हवी. कोन निवडणाऱ्या पद्धतीत १/२ येते. त्याहून खडखडीत परीक्षा म्हणजे शोधक वरून काढून बाजूला, विषुववृत्तावर लावायचा. बरोबर पद्धतीत मोजणी ७६ च्या आसपासच राहते, चुकीच्या पद्धतीत ५५६ वरून ४९ वर घसरते.