काउंट ऑरलॉकला कसलीच घाई नाही

'नॉस्फेराटू' पाहिल्यापासून मी भेटेल त्याला एकच विषय काढतो आहे: काउंट ऑरलॉक पडद्यावर येतो कसा! १९२२ सालचा जर्मन मूकपट. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ, छायाचित्रणकार फ्रिट्झ आर्नो वाग्नर, आणि ऑरलॉकच्या भूमिकेत मॅक्स श्रेक. आवाज नाही, रक्ताचा सडा नाही, कॅमेरा जवळजवळ जागचा हलत नाही, आणि तरीही हा माणूस दारात उभा राहिला की अंगावर सरसरून काटा येतो. का येतो, याचा छडा लावायचाच म्हणून मी सिनेमा थांबवत, मागे नेत, पुन्हा पाहत बसलो, आणि जे हाती लागलं त्यानं अक्षरशः वेड लागलं!

पहिली गोष्ट म्हणजे मुर्नाऊ खलनायक एकदम दाखवतच नाही. हटर नावाचा तरुण घराच्या व्यवहारासाठी डोंगरातल्या किल्ल्याकडे निघतो. त्याला न्यायला बग्गी येते. गाडीवान आपादमस्तक गुंडाळलेला, चेहरा झाकलेला. तो ऑरलॉकच आहे, हे आपल्याला वाटतं, हटरला वाटत नाही. मग किल्ल्याचा दरवाजा आपोआप उघडतो आणि समोरच्या कमानीच्या काळोखातून एक उंच, सडपातळ आकृती पुढे येते. इथे तरी नीट दिसेल ना? नाही! डोक्यावर टोपी, अंगभर काळा कोट. रात्री जेवणाच्या टेबलावर तो पत्र वाचत बसतो, आणि कागद चेहऱ्यासमोर. दिसतात ते कागदावरून रोखलेले डोळे.

आणि मग दुसरी रात्र. हटर खोलीचं दार किलकिलं करून बाहेर बघतो. लांब दालनाच्या पार टोकाला ऑरलॉक उभा आहे. नुसता उभा. आता टोपी नाही: टक्कल, टोकदार कान, खाली सोडलेले हात आणि नखं. एक पाऊलही न टाकता तो अचानक जवळ आलेला दिसतो, कारण मुर्नाऊ एका चित्रातून दुसरं चित्र विरघळवत उमटवतो. चालणं गाळून टाकलं, अंतर मात्र कमी झालं! हटर दार लावून घेतो, खिडकीकडे धावतो, खाली खोल दरी, शेवटी पलंगावर पांघरुणात शिरतो. दार आपोआप उघडतं. दाराची चौकट वर टोकदार निमुळती, आणि ऑरलॉक सावकाश पुढे येत त्या चौकटीत असा काही नेमका मावतो की ती उभी केलेली शवपेटीच वाटते.

श्रेकची चाल बघाच. हात अंगाला चिकटलेले, मान ताठ, खांदे वर ओढलेले. आपण चालताना शरीर किती ठिकाणी हलतं! त्यानं पाय सोडून बाकी सगळं बंद केलं आहे. पळणाऱ्या माणसाला दमायचं तरी असतं. जो घाई करत नाही त्याच्यापासून सुटका कुठली? याचा पुरावा याच सिनेमात आहे. बग्गीचा प्रवास आणि ऑरलॉक गाडीवर शवपेट्या चढवतो तो प्रसंग मुर्नाऊनं मुद्दाम भरभर पळणाऱ्या गतीत दाखवला आहे. अमानवी वेग दाखवायचा असणार, पण माझ्या मते नेमकी तिथेच भीती सैल पडते. तोच नट, तोच मेकअप, फक्त गती वाढली आणि जरब गेली.

लो अँगलबद्दल आपण सरधोपट ऐकतो की कॅमेरा खाली ठेवला की माणूस मोठा दिसतो. 'शोले'त गब्बर येतो तेव्हा आधी खडकावर फिरणारे बूट आणि फरफटणारा पट्टा दिसतो, तिथेही आपण त्याच्या पायाशी असतो. पण मुर्नाऊ खालचा कोन राखून ठेवतो तो थेट ऑरलॉकच्या जहाजप्रवासापर्यंत. मालाच्या तळघरात शवपेट्या आहेत, त्यात माती आणि उंदीर. एक खलाशी कुऱ्हाडीनं पेटी फोडतो, आणि ऑरलॉक आतून फळीसारखा ताठ उभा होतो, कुठेही न वाकता. पुढे कॅमेरा तळघरात आहे आणि वर डेकच्या चौकोनातून आपण बघतो: आकाश, शिडाचे दोर, आणि त्यांच्यामधून सावकाश चालत जाणारा तो. मला हलवून सोडलं ते कॅमेऱ्याच्या जागेनं. कॅमेरा शवपेट्यांच्या मध्ये आहे, म्हणजे आपणही तिथेच आहोत! तो वर मोकळा आणि आपण त्याच्या जागेत, पेट्यांसोबत. नुसती उंची वाढवण्यासाठी कॅमेरा खाली नेला असता तर हे घडलंच नसतं.

आता सावली. जिन्यावरून ऑरलॉक वर जातो तो जगप्रसिद्ध शॉट! तो स्वतः चित्रात नाहीच, भिंतीवर फक्त सावली: बाकदार नाक, पोक आलेली पाठ, लांबलचक बोटं. मग दाराकडे जाणारा हात, आणि बोटं लांबतच जातात.

हे कसं होतं ते मी घरी करून पाहिलं. खोली अंधारी केली, मोबाइलचा टॉर्च ठेवला, त्याच्यापासून एक फुटावर हात आणि चार फुटांवर भिंत. सावली चौपट. हात अर्ध्या फुटावर आणला, तर आठपट! शिवाय प्रकाशाचं तोंड लहान हवं, तरच कडा धारदार येते. ट्यूबलाइटखाली हेच करा, नुसता करडा डाग पडेल. टॉर्च जमिनीलगत ठेवला की सावली भिंतीवर चढते. आणि मग लख्ख कळलं की सावली चौपट असेल तर बोटाची थरथरही चौपट होते. हात जरा घाईनं हलला की भिंतीवरचा हात झटका मारतो आणि सगळा परिणाम मातीमोल. म्हणजे संथ हालचाल ही केवळ अभिनयाची लकब नाही, लांब सावलीलाच ती लागते!

कॅमेरा स्थिर का, याचंही उत्तर मला यातच सापडतं. मुर्नाऊला कॅमेरा फिरवता येत नव्हता असं कोण म्हणेल? दोनच वर्षांनी, १९२४च्या 'डेर लेत्स्टे मान'मध्ये त्यानं कॅमेरा असा मोकळा सोडला की लोक थक्क झाले. इथे मात्र चौकट हलत नाही, म्हणून तिच्यात होणारी लहानशी हालचालसुद्धा नजरेला टोचते.

तुम्ही बघणार असाल (बघाच!) तर प्रिंट पारखून घ्या. सिनेमा ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'वरून, पण परवानगी न घेता केलेला. स्टोकरच्या पत्नीनं दावा लावला आणि न्यायालयानं प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही वाचल्या, त्यांच्यापासून पुढे नाना प्रती निघाल्या. दोन खुणा बघा. एक म्हणजे वेग: मूकपट आजच्या चोवीस फ्रेमपेक्षा संथ चालवायचे, म्हणून सुरुवातीला गावातली साधी माणसं तुरुतुरु धावताना दिसली तर ती प्रत सोडा, तिच्यात ऑरलॉकही तुरुतुरुच येणार. दुसरी, रंग: रात्रीचे बरेचसे प्रसंग दिवसाउजेडी टिपून फिल्मला निळी छटा दिली होती. ती छटा नसलेल्या कृष्णधवल प्रतीत ऑरलॉक भर उन्हात शवपेटी काखेत घेऊन गावातून जाताना दिसतो, आणि सूर्यप्रकाशानं मरणारा हा प्राणी उन्हात फिरतो कसा असा प्रश्न पडतो. डागडुजी केलेल्या रंगीत छटांच्या प्रतीत तीच गल्ली निळी होते आणि रात्र रात्रच राहते.