ग्लासगोतली सुंता आणि एलियाहूची खुर्ची



गेल्या जूनमध्ये भाच्याच्या मुलाच्या सुंतेसाठी ग्लासगोला गेलो होतो. सूनबाईच्या माहेरची माणसं स्कॉटिश यहुदी. त्यांना मलिदा माहीत नाही आणि आपल्या पोरांना खुर्चीचा अर्थ ठाऊक नाही. म्हणून भाचा म्हणाला, "मामा, दोन्ही तुम्हीच समजावून सांगा."

पण आधी दिवसाचाच घोळ झाला. बाळ मंगळवारी रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी जन्मलं. बाहेर उजेड होता, म्हणून सर्वांनी मंगळवार धरला आणि मोहेलला पुढच्या मंगळवारचं बोलावणं केलं. आपला दिवस सूर्यास्तापासून बदलतो. अलिबागला जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, ग्लासगोला रात्री दहाच्या पुढे. म्हणजे बाळ संधिप्रकाशात जन्मलं होतं. तो मंगळवार की बुधवार, हा संशय. सुंता आठव्या दिवसाआधी चालत नाही, उशीर मात्र चालतो. म्हणून रब्बींनी बुधवार ठरवला. हा संशयाचा दिवस शब्बाथला आला असता, तर सुंता रविवारी करावी लागली असती. जन्मदिवस निश्चित असेल तर ती शब्बाथलाही होते. बाळाला कावीळ असती, तर ती उतरेपर्यंत थांबावं लागलं असतं.

बुधवारी सकाळी मी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणालो, "ही एलियाहू हन्नाबीची. इस्राएलांनी करार सोडला, अशी तक्रार त्यांनी देवाकडे केली होती. म्हणून आपली परंपरा सांगते, की प्रत्येक सुंतेला त्यांनी यावं आणि करार पाळला जातो हे स्वतः पाहावं. आधी बाळाला क्षणभर या खुर्चीवर ठेवतात, मग सांदाकच्या मांडीवर देतात. त्यानंतर द्राक्षारसावर आशीर्वाद म्हणून बाळाचं नाव सांगतात. त्याचे थेंब बाळाच्या ओठांना लावतात."

मग मलिद्याचं ताट पुढे घेतलं. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलची, वर फळं. मी सांगितलं, "हेही त्याच एलियाहूंसाठी. आमच्या कोकणात अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत, असं आमची माणसं मानतात. नवस फेडायचा असो वा शुभकार्य, मलिदा त्यांच्या नावाने होतो. खजूर झाडाचं फळ, केळं जमिनीचं, म्हणून दोन्हींचे आशीर्वाद वेगळे."

सूनबाईच्या वडिलांनी विचारलं, "मग केळ्याला झाड नाही का?" मी म्हणालो, "एकदा घड दिला, की ते खोड मरतं. पुढच्या वर्षी त्याच खोडाला फळ येत नाही, म्हणून ते जमिनीचं."

त्यांनी केळं घेतलं आणि हज्जानच्या मागे आशीर्वाद म्हटला. खुर्ची त्यांची आणि ताट आमचं, असं मी मनात धरून आलो होतो. दोन्हीकडे पाहुणा एकच, हे मला बोलता बोलताच उमगलं.